ही तिची नेहमीची फिट नव्हती

एप्रिलमधली ही केस. पेशंट आता बरी आहे, तरी त्यातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. ती गोष्ट माझ्याच हातून राहिली होती.

मी सोलापुरात मानसोपचार करते. आमच्या पूर्व भागातून येणाऱ्या बायकांपैकी बऱ्याच जणी विड्या वळतात आणि घरी तेलुगू बोलतात. ही बाईही तशीच, वय ४६, वजन ४३ किलो. मी तिला अक्का म्हणते. सोळाव्या वर्षापासून तिला फिट येते. मेंदूच्या एका भागातून सुरू होणारी फिट आहे ती. आधी पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटतं, मग नजर थिजते, ओठ चघळल्यासारखे हलतात. हात मात्र विडी वळतच राहतात. पान नसलं तरी बोटं तीच घडी घालतात. मिनिटभरात ती भानावर येते आणि पुढ्यातल्या सुपाकडे पाहत राहते. दोन वर्षांपासून ऑक्सकार्बाझेपिन ६०० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ चालू होतं आणि महिन्याला एखादीच फिट येत होती.

लेक तिला घेऊन आली ती फिटसाठी नव्हे. अक्काची झोप गेली होती, जेवण सुटलं होतं, सुपावर बसून ती तासन्‌तास रडायची. मी एकटीनं बोलले तेव्हा म्हणाली, "मॅडम, टाकीचं झाकण काढून दोनदा आत बघितलं." हे ऐकल्यावर औषध द्यावं का न द्यावं, हा प्रश्न उरतच नाही. डिप्रेशनसाठी एसिटालोप्राम ५ मिलिग्रॅम सुरू केलं, आठवड्यानं १० केलं. आत्महत्येच्या विचारांबद्दल लेकीला समजावलं, टाकीला कुलूप लावायला सांगितलं, गोळ्यांचा ताबा तिच्याकडे दिला.

मी सोडियम तपासलं नाही. ऑक्सकार्बाझेपिननं रक्तातलं सोडियम उतरतं, एसिटालोप्राम त्याच दिशेला ओढतं, हे मला पाठ आहे. पण अक्का म्हणाली होती की मागच्या तपासण्यांत दोन दिवसांची मजुरी गेली, आणि मी मनात म्हटलं, पुढच्या वेळी बघू. आणि मी विचारलं, "अजून काही गोळ्या?" तेव्हा ती म्हणाली, "नाही." बीपीची गोळी ती गोळ्यांत धरतच नव्हती. ती तिच्यासाठी चहासारखी रोजची होती.

गोळी सुरू झाल्याच्या सोळाव्या दिवशी डोकं दुखायला लागलं, उलटी झाली. बाहेर ४२ अंश. शेजारणीनं ऊन लागलं म्हणून सांगितलं, भरपूर पाणी पाज म्हणाली. अक्कानं माठावर माठ रिकामे केले. अठराव्या दिवशी पहाटे सगळं अंग ताठ होऊन झटके आले, जीभ चावली गेली. तासाभरात पुन्हा तेच.

घरच्यांनी तिला जवळच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. तिथे एका रात्रीत तीन गोष्टी झाल्या. एसिटालोप्राम बंद केलं, कारण 'डिप्रेशनच्या गोळ्यांनी फिटचा उंबरठा खाली येतो', म्हणजे फिट सहज येते. ऑक्सकार्बाझेपिन दिवसाला १२०० वरून १८०० मिलिग्रॅम केलं. आणि अशक्तपणा म्हणून साखरेचं सलाईन लावलं. डिस्चार्जच्या कागदावर सोडियमचा आकडा नाही. फिट आली की फिटची गोळी वाढवायची, ही सवय आमच्या धंद्यात इतकी खोल आहे की फिट का आली हे विचारायचं राहूनच जातं.

विसाव्या दिवशी लेकीनं तिला रिक्षातून माझ्याकडे आणलं. अक्का मला ओळखत नव्हती, बोलणं जड, चालताना तोल जात होता. लेक म्हणाली, "मॅडम, ती तिची नेहमीची फिट नव्हती. हात वळत नव्हते." सगळ्या केसचं निदान मला त्या मुलीनं दिलं. जुन्या दुखण्याची फिट सहसा जुन्याच वाटेनं येते. तीस वर्षं जिची फिट पोटातून चढून हातांत उतरते, तिला अचानक कुठलीही पूर्वसूचना न देता सर्वांगाची फिट आली, तीही उलट्या, डोकेदुखी आणि वाढत्या गोंधळाच्या मागोमाग, तर आधी संपूर्ण मेंदूलाच काय झालंय ते शोधायला हवं.

"घरात असतील त्या सगळ्या पट्ट्या आण," म्हटलं. पिशवीतून बीपीची पट्टी निघाली. गोळीच्या नावाच्या शेवटी 'एच' हे एक बारीक अक्षर होतं. ते अक्षर म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, १२.५ मिलिग्रॅम. लघवीवाटे सोडियम घालवणारं औषध. म्हणजे एकाच अंगात तीन औषधं सोडियम उतरवत होती, वर माठभर साधं पाणी. तिच्या फॅमिली डॉक्टरांना ऑक्सकार्बाझेपिन ठाऊक नव्हतं, मला 'एच' ठाऊक नव्हता, आणि मधल्या दवाखान्याला कशाचीच चौकशी करावीशी वाटली नाही.

आमच्या फिजिशियनकडे भरती केली. सकाळी ११ वाजता सोडियम ११६. नॉर्मल १३५ ते १४५.

यापुढचं काम घाईचं आणि तितकंच जपून करायचं असतं. सोडियम झपाट्यानं उतरलं की पाणी मेंदूच्या पेशींत शिरतं, मेंदू सुजतो आणि फिट येतात. नुसत्या फिटच्या औषधानं त्या पूर्ण थांबत नाहीत. म्हणून ३ टक्क्यांचं खारं सलाईन, १०० मिलिलिटर दहा मिनिटांत. थोड्या वेळानं पुन्हा १००. साडेबारा वाजता सोडियम १२०, आणि अक्कानं डोळे उघडून लेकीला नावानं हाक मारली. फक्त चारचा फरक, पण सुजलेल्या मेंदूला तेवढा पुरतो. इथे हात आवरायचा. सोडियम फार वेगानं चढलं तर मेंदूच्या देठातल्या मज्जातंतूंचं आवरण निघून जातं आणि माणूस काही दिवसांनी बोलणं, गिळणं, चालणं गमावू शकतो. न जेवणाऱ्या, कृश माणसाला हा धोका जास्त. आम्ही २४ तासांत ८ ची मर्यादा धरली.

'एच'ची गोळी बंद, पाणी दिवसाला एक लिटर. ऑक्सकार्बाझेपिन दोनच दिवस वाढलेलं होतं, ते परत १२०० वर आणलं. एका फटक्यात बंद केलं असतं तर खऱ्या फिटनी गाठलं असतं.

रात्री दोन वाजता वॉर्डातल्या सिस्टरचा फोन आला. पिशवीत एका तासात २५० मिलिलिटर लघवी. काय चाललंय हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. कारण दूर झालं की मूत्रपिंड साठलेलं पाणी एकदम सोडून देतं, आणि सोडियम आपोआप, आपल्याला नको तितक्या वेगानं चढतं. तपासलं तर १२५, म्हणजे पंधरा तासांतच ९ चढलेलं. तेव्हा चढणारं सोडियम आवरायला आम्हीच साखरेचं सलाईन लावलं, कारण त्यातली साखर वापरली गेली की मागे साधं पाणीच उरतं. दोन दिवसांपूर्वी जे चुकीचं होतं, तेच आता हवं होतं. सकाळी ११ ला १२४. त्या फोनबद्दल मी सिस्टरांची जन्मभर ऋणी राहीन. पाचव्या दिवशी १३३ झालं आणि अक्का चहा मागू लागली.

लेकीनं विचारलं, "पण मनाची गोळी तर बंद झाली होती, तरी वाढलं कसं?" एसिटालोप्राम निम्मं उतरायलाच तीसेक तास लागतात. त्यात त्याच रात्री ऑक्सकार्बाझेपिन दीडपट झालं, साधं पाणी शिरेतून गेलं, आणि बीपीची गोळी चालूच राहिली.

आता मला खरा त्रास देणारी गोष्ट सांगते. गल्लीत बातमी झाली, 'मनाच्या गोळीनं फिट आली.' गेल्या महिन्यात त्याच भागातला माझा दुसरा पेशंट गोळ्या सोडून बसला. उंबरठ्याची ही भीती हवेतून आलेली नाही. क्लोमिप्रामिन, मॅप्रोटिलिन, बुप्रोपिऑन जास्त डोसला फिट आणतात, सायकोसिससाठीच्या औषधांत क्लोझापिन. ती औषधं एपिलेप्सीत मीही शक्यतो टाळते. पण सगळी एका सुपात घालायची नसतात. अमेरिकेच्या औषध नियामकाकडे जमलेल्या चाचण्यांच्या नोंदी २००७ साली तपासल्या गेल्या. बहुतेक नव्या डिप्रेशनविरोधी गोळ्या घेणाऱ्यांत फिटचं प्रमाण प्लॅसिबो, म्हणजे औषधच नसलेली गोळी, घेणाऱ्यांपेक्षा कमीच, जवळपास निम्मं निघालं. उपचाराविना राहिलेलं डिप्रेशन स्वतःच फिटना पोषक ठरत असावं, असा त्यातून अंदाज निघतो. एसिटालोप्रामनं अक्काला फिट आणण्यात हातभार लावला, हे खरं. पण ते उंबरठ्यावाटे नव्हे, सोडियमवाटे. हा फरक शब्दांचा नाही. उंबरठा समजलात तर फिटची गोळी वाढवाल आणि सोडियम आणखी उतरवाल.

आणि अक्काची टाकी? डिप्रेशन गेलं नव्हतंच. घरी जाण्याआधी ती मला हळूच म्हणाली, "ते विचार परत येतात." पण तिचा नवरा आता मनाची एकही गोळी घरात येऊ द्यायला तयार नव्हता. मी त्याच्यासमोर तिन्ही पट्ट्या मांडल्या, कुठली काय करते ते सांगितलं, आणि सोडियम तपासायला मी सांगायला हवं होतं, ती माझी चूक होती, हेही सांगितलं. तो बराच वेळ 'एच'कडे बघत बसला.

सोडियम १३७ झाल्यावर मिर्टाझापिन ७.५ मिलिग्रॅम रात्री सुरू केलं, दहा दिवसांनी १५. त्यानं सोडियम उतरण्याचा धोका कमी, झोप आणि भूक दोन्ही सुधारतात, आणि फिटचा धोका फारसा नाही. ऑक्सकार्बाझेपिनच्या जागी हळूहळू लॅमोट्रिजिन आणायचं ठरलं. लेव्हेटिरासिटाम सोपं पडलं असतं, दोन दिवसांत पूर्ण डोस गाठता येतो. पण ज्या बाईनं टाकीत दोनदा डोकावलंय, तिला चिडचिड आणि निराशा आणू शकणारी गोळी मी देणार नाही. लॅमोट्रिजिनला धीर लागतो. दोन आठवडे २५, दोन आठवडे ५०, मग पुढे. घाई केली तर जिवावर बेतणारं पुरळ उठू शकतं. तोवर आधाराला रात्री क्लोबाझाम १० मिलिग्रॅम. नवी बीपीची गोळी 'एच'शिवाय.

मिर्टाझापिनची पहिली पट्टी हातात घेऊन लेकीनं विचारलं, "मॅडम, यानं फिट येईल का?" मी म्हटलं, "शक्यता अगदी कमी आहे. शून्य नाही. डोकं दुखलं, उलटी झाली, चालताना तोल गेला, तर फिटची वाट न बघता त्याच दिवशी सोडियम करायचं आणि मला फोन करायचा." तिनं ते वहीच्या मागच्या पानावर तेलुगूत लिहून घेतलं.

काल अक्का आली. लॅमोट्रिजिन १०० वर आहे, ऑक्सकार्बाझेपिन ६०० उरलंय. दिवसाला सहाशे विड्या वळते म्हणाली. मागच्या आठवड्यात एक फिट आली होती. लेकीला विचारलं, कशी होती? ती म्हणाली, "हात वळत होते." सोडियमचा कागद मी तिथेच लिहिला, आणि या वेळी पैशांचं आधी विचारलं नाही.