त्याने वळून पाहिले नाही

सोमवार, रात्री साडेदहा

भाऊजींना मी संहिता शनिवारीच पाठवून दिली होती, आणि आजचा सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला असे आता वाटते आहे. मुलाच्या शाळेच्या पहिल्या दिवसाचे, आईचे, दीड मिनिटाचे स्वगत; पडद्यावर फाटकापाशी सुटणारा एक लहान हात आणि त्यावर माझा आवाज, एवढेच आमचे ठरले होते. त्यातले सातवे वाक्य असे होते : ‘वर्गाच्या दारात तू थबकलास, वळून माझ्याकडे पाहिलंस, आणि मग मला हसावंच लागलं.’ सगळे स्वगत त्या एका वाक्याकडे चढत जाते आणि तिथून उतरते. ते लिहून झाल्यावर मी स्वतःवर खूश होऊन चहा ठेवला होता, हेही इथे नोंदवून ठेवते.

आज सकाळी त्याने वळून पाहिले नाही.

पौड रस्त्यावरून आत वळलो तेव्हा पावसाची झड होती. फाटकापाशी एक मुलगी आईच्या ओढणीला लोंबकळत आकांत करत होती, तिची आईही रडत होती, आणि मी मनात संवाद तयार ठेवून उभी होते. चिरंजीवांचा रेनकोट मी काढला, शर्टाला टाचलेला रुमाल सरळ केला, ताईंनी हात पुढे केला आणि त्याने तो धरला. व्हरांड्यात एके ठिकाणी छत गळते, तिथे खाली निळी बादली ठेवलेली होती. तो तिच्यापाशी थांबला, ओणवा होऊन त्याने आत पाहिले, दोन-तीन थेंब पडू दिले, आणि ताईंबरोबर सरळ वर्गात गेला. थबकला तो बादलीसाठी. मी फाटकाबाहेर त्याचा रेनकोट धरून होते आणि त्याचे पाणी माझ्या चपलेत गळत होते.

पहिला आठवडा शाळा दोनच तास आहे, म्हणून तेवढ्यात ध्वनिमुद्रण उरकायचे ठरवले होते. साड्यांचे कपाट उघडून त्यात तोंड घालून बोलले की आवाज घुमत नाही, त्यामुळे तोच आमचा स्टुडिओ. पंखा बंद, फ्रीज बंद, फोन गोधडीच्या घडीवर. पहिला खर्डा दोनशे साठ शब्दांचा होता आणि सावकाश वाचला तर दोन मिनिटे वीस सेकंद लागत होती. मराठीत एकेका शब्दाला एवढी शेपटे असतात की भावनेने बोलायचे झाले तर मिनिटाला शंभरच्या फार पुढे जाता येत नाही. म्हणून दीडशे शब्दांवर आणले. त्यात पिल्लू गेले, घरटे गेले, पंख गेले, काळजाचा तुकडा तर आधीच गेला होता. वळून पाहणे मात्र राहिले, कारण मला ते खरे वाटत होते. घडायच्या आधीच खरे वाटत होते.

सहा वाक्ये नीट गेली. सातव्याला ‘वळून माझ्याकडे’ म्हटले आणि मी रडले, तेही चांगले घळाघळा, साड्यांच्या आत. त्याने का पाहिले नाही? एकदा तरी. मी तिथेच आहे हे त्याला ठाऊक होते म्हणून, की मी तिथे आहे की नाही याने त्याला काही फरक पडत नव्हता म्हणून? मला माझा स्वतःचा पहिला दिवस आठवत नाही. मी पाहिले होते का, हे आईला विचारायचे राहून गेले.

तेवढ्यातच वाचन संपवले आणि फोन कानाला लावला. ‘वळूद बाझ्याकडे पाहिलंस.’ हे असे होणार हे मला खरे तर पाठ असायला हवे. म, न, ण म्हणताना हवा नाकातून जावी लागते आणि रडले की नाक आतून सुजते, मग म चा ब होतो आणि न चा द. आईच्या स्वगतात मी, मला, माझा, मन, मुलगा याशिवाय दुसरे असते तरी काय! आकाशवाणीवर नाटिका वाचायचो तेव्हा आमचे दिग्दर्शक म्हणत, रडे गळ्यापर्यंत येऊ द्या, नाकापर्यंत नको. म्हणजे आवाज खालच्या पट्टीत घसरला पाहिजे, वाक्याच्या मधोमध श्वास अडला पाहिजे, आणि तिथेच थांबले पाहिजे. पुढचे ऐकणारा स्वतः रडतो. मी उलटे केले, माझेच मी रडून घेतले. ‘बाझा बुलगा’ हे तिसऱ्यांदा ऐकले तेव्हा मला हसू फुटले आणि कपाटातली एक साडी अंगावर आली.

भाऊजी मात्र फोनवर म्हणाले, “वहिनी, हाच ठेवू या. रडणं खरं आहे.” मी म्हटले, “रडणं खरं आहे हो, पण वाक्य खोटं आहे.”

साडेअकराला त्याला आणायला गेले. रुमाल गायब, पिन तेवढी शर्टाला लटकलेली, गुळपोळी अर्धी परत. कसे वाटले, ताई कशा आहेत, रडलास का, असे मी रिक्षात बसेपर्यंत विचारत राहिले. तो म्हणाला, “आई, बादली भरली. मावशींनी ओतली. मग परत ठेवली.”

दुपारी तो झोपल्यावर सातवे वाक्य खोडून लिहिले : ‘तू थांबलास. गळक्या छताखाली एक बादली होती. तीत पाहिलंस. मग आत गेलास. मी तुझा रेनकोट घेऊन उभी होते.’ पाच तुकडे झाले आणि प्रत्येकाला आपोआप श्वास मिळाला. मात्र जुन्या वाक्याचा शेवट, ‘मग मला हसावंच लागलं’, आता कशालाच टेकत नव्हता. त्याच्या जागी दोन सेकंद काहीच न बोलणे ठेवले. त्या दोन सेकंदांसाठी रिकाम्या खोलीची शांतता अर्धा मिनिट वेगळी टिपून द्यावी लागते, कारण आवाज पूर्ण तोडला तर ऐकणाऱ्याला फोनच बिघडला असे वाटते. आमच्या खोलीच्या शांततेत पत्र्यावरचा पाऊस आला आणि खालच्यांच्या कुकरची एक शिट्टीही आली. शिट्टी काढा म्हणून भाऊजींना सांगितले आहे.

तीन वाजता एका दमात वाचले. म सगळे म राहिले. रडू आले नाही, आणि आले नाही याचे थोडे वाईटही वाटले.

आत्ता भाऊजींचा निरोप आला आहे : एक मिनिट अठ्ठावीस सेकंद झाले, छान झाले, फक्त आईच्या स्वगतात ती बादली कशाला, लोक तिथेच बोट सरकवतील. राहू द्या, एवढेच लिहून पाठवले. रेनकोट अजून वाळलेला नाही, तो पंख्याखाली टाकते. उद्या नवा रुमाल टाचायचा आहे आणि पिना कुठे ठेवल्या आहेत ते आठवत नाही.