एफडीवर कर्ज काढलं, पण आईच्या सहीने घाम फोडला

मुलीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी दोन लाख लगेच हवे होते. माझी भिशी चार महिन्यांनी लागणार होती, म्हणजे गरज तेवढ्याच काळाची. बँकेत चौकशी केली तर काउंटरवरच्या मुलीने एफडीचा विषय निघायच्या आत स्क्रीन माझ्याकडे वळवली. "मॅडम, तुमचं पर्सनल लोन आधीच मंजूर आहे, दोन मिनिटांत खात्यात जमा होईल."

मी तिच्याकडे केएफएस मागितलं. कर्जाचा सगळा खर्च एका जागी मांडलेलं हे पत्रक देणं बँकेला बंधनकारक आहे, तेव्हा मागायला संकोच करू नका. व्याज १४ टक्के, मुदत तीन वर्षं, हप्ता साधारण ६,८४०. प्रोसेसिंग फी दोन टक्के, त्यावर जीएसटी, म्हणजे ४,७२० रुपये आधीच कापून जाणार. मुदतीआधी कर्ज फेडलं तर उरलेल्या मुद्दलावर चार टक्के आणि वर पुन्हा जीएसटी. चार महिन्यांनी बंद करायचं म्हटलं तर व्याजाचे नऊ हजार, फी आणि बंद करायचा दंड मिळून बावीस हजारांच्या वर जात होते. काही बँका तर पहिले सहा किंवा बारा हप्ते भरल्याशिवाय कर्ज बंदच करू देत नाहीत, तेही त्या पत्रकात बघा.

माझी तीन लाखांची एफडी सात टक्क्यांची. तिच्यावर कर्ज आठ टक्क्यांनी, प्रोसेसिंग फी नाही, केव्हाही फेडा. दोन लाखांचं चार महिन्यांचं व्याज सुमारे ५,३५०, आणि एफडीवरचं व्याज चालूच. एफडी मोडायचाही विचार केला होता. पण तिला दोन वर्षं झाली होती आणि मोडली तर मागच्या दोन्ही वर्षांचं व्याज कमी दराने मोजून वर एक टक्का कापणार होते. एफडी नुकतीच ठेवलेली असेल तर मात्र मोडणं परवडतं, कारण तोपर्यंत व्याजच फारसं साठलेलं नसतं.

एवढं ठरवून अ‍ॅप उघडलं तर एफडीसमोर कर्जाचा पर्यायच दिसेना. एफडी माझ्या आणि आईच्या नावावर, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर'. मला वाटत होतं की यात कोणा एकाची सही पुरते. मुदत संपल्यावर पैसे काढायला पुरते, पण कर्जासाठी ठेव तारण ठेवायची तर दोघांच्याही सह्या लागतात. हा नियम मला पटतो. उद्या मी कर्ज फेडलं नाही तर बँक आईचेही पैसे वळते करणार, मग तिची संमती हवीच. राग आला तो हे पहिल्या दिवशी कोणी सांगितलं नाही याचा.

आई चिपळूणला. फॉर्म कुरिअरने पाठवला, तिने सही करून परत पाठवला, आणि बँकेने तो नाकारला. कारण, सही नमुन्याशी जुळत नाही. नमुना पंधरा वर्षांपूर्वीचा, आडनावाच्या शेवटी झोकदार वेलांटी असलेला. आता तिचा हात थरथरतो, अक्षरं सुटी पडतात. "आईंना इथे घेऊन या," म्हणाले. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला पुण्याला आणायचं ते एका सहीसाठी! मी चिपळूणच्या शाखेत विचारलं, तर ते म्हणाले मूळ शाखेकडून आलं पाहिजे. मूळ शाखा म्हणाली, ते तिथेच करतात. प्रवेशाची तारीख जवळ येत चालली होती आणि दोन्ही शाखा एकमेकींकडे बोट दाखवत होत्या.

शेवटी मी काउंटर सोडून थेट मॅनेजरसमोर बसले. तोंडी उत्तर नको, चिपळूण शाखेला मेल करा आणि मला त्याची प्रत द्या, एवढंच धरून बसले. मेल गेला. आई आधार, पॅन आणि फोटो घेऊन रिक्षाने तिथल्या शाखेत गेली, अधिकाऱ्यासमोर सही केली, त्याने ती प्रमाणित करून नवा नमुना चढवला. त्यानंतर पैसे त्याच संध्याकाळी खात्यात आले.

तुमचे आईवडील साठीपुढचे असतील आणि ठेवी जोड नावाने असतील, तर सहीचा नमुना आत्ताच बदलून घ्या.

अडकले होते तेव्हा सोन्यावरही चौकशी केली होती. तिथे सही एकट्या माझीच लागणार होती आणि तासाभरात काम झालं असतं. पण माझ्या तुशीतली लाख आणि खडे वजा करून निव्वळ सोन्याचंच वजन धरतात, भाव सोन्याच्या कॅरेटप्रमाणे, आणि त्याच्याही काही टक्केच कर्ज मिळतं. एफडी नसती तर पर्सनल लोनच्या आधी मी तेच केलं असतं.

आणखी एक, करबचतीच्या पाच वर्षांच्या एफडीवर कर्ज मिळत नाही.

भिशी लागली तशी मी रक्कम भरली, पण एफडीवर बोजा तसाच दिसत होता. कर्ज खातं बंद करण्याचा वेगळा अर्ज द्यावा लागतो. तो देऊन पोच घ्या आणि पासबुकात किंवा अ‍ॅपवर बोजा शून्य झालेला बघूनच फाइल मिटा.