एकाच पगाराचे दोन आकडे

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, लोटे परशुरामच्या आमच्या कारखान्यात पगारवाढीची पत्रं वाटून झाली होती. सकाळची बस चिपळूणहून परशुराम घाट चढून आली आणि त्या बसमधून उतरलेले दोघे थेट एचआरमधल्या आमच्या टेबलापाशी आले. एक क्वालिटी लॅबमधली केमिस्ट, दुसरा मेंटेनन्सचा इंजिनिअर. ग्रेड एकच. दोघांनी बसमध्ये मोबाइलवर आपापला कंपा-रेशो, म्हणजे आपला पगार ग्रेडच्या पगारपट्ट्याच्या मध्यबिंदूच्या किती टक्के आहे तो आकडा, काढला होता. तिचा आला ८४ टक्के, त्याचा १०५.

"मॅडम, एका ग्रेडमध्ये एवढा फरक कसा?" तिने पगाराची स्लिप टेबलावर ठेवली. चार घड्या घातलेली, मागच्या बाजूला बॉलपेनने भागाकार केलेला. त्याला ओशाळल्यासारखं झालं होतं. त्याला वाटत होतं, आपल्याला जास्त मिळतंय आणि ते उगाच बोलून गेलो.

दोन्ही स्लिपा शेजारी ठेवल्या. महिन्याचा ठरलेला एकूण पगार दोघांचाही ३७,५०० रुपये. पै-पैचा हिशेब सारखा, आणि आकडे मात्र ८४ आणि १०५.

तिने हातात येणारी रक्कम धरली होती. बँकेच्या मेसेजमध्ये जी दिसते ती. मूळ पगार १८,७५० रुपये, त्यावर १२ टक्के पीएफ म्हणजे २,२५० कापले, व्यवसाय कराचे २०० गेले, उरले ३५,०५०. बाराने गुणून ४,२०,६००. त्याने पत्रातला सीटीसीचा आकडा धरला होता. त्यात वर्षाच्या ४,५०,००० ठरलेल्या पगाराखेरीज कंपनीने भरायच्या पीएफचे २७,०००, ग्रॅच्युइटीसाठी मूळ पगाराच्या ४.८१ टक्क्यांप्रमाणे १०,८२२ आणि व्हेरिएबल पेचे ३६,००० मिळवलेले असतात. झाले ५,२३,८२२.

भागायचं दोघांनाही एकाच आकड्याने होतं. आमच्या तक्त्यात त्या ग्रेडचा पट्टा असा आहे: किमान ४,००,०००, मध्यबिंदू ५,००,०००, कमाल ६,००,०००. तक्त्याच्या तळाला बारीक अक्षरात एक ओळ आहे: "वार्षिक ठरलेला एकूण पगार, कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी व व्हेरिएबल वगळून." सगळी गफलत या ओळीत आहे. मध्यबिंदू ज्या पगाराचा आहे, भागाकारात वर तोच पगार यायला हवा. काही कंपन्यांचा पट्टा सीटीसीवर असतो, काहींचा मूळ पगारावर. म्हणून आधी तळटीप वाचायची, मग कॅल्क्युलेटर हातात घ्यायचा. तक्ता वार्षिक आहे की मासिक, कुठल्या वर्षाचा आहे आणि कुठल्या ठिकाणाचा आहे, हेही तिथेच कळतं. मुंबई ऑफिसचा पट्टा बहुतेकदा वेगळा असतो. लोट्याचा पगार त्या मध्यबिंदूने भागून काहीच कळत नाही.

```
कंपा-रेशो = पगार ÷ मध्यबिंदू × १००
रेंज पेनिट्रेशन = (पगार − किमान) ÷ (कमाल − किमान) × १००
```

४,५०,००० भागिले ५,००,०००. दोघांचाही कंपा-रेशो ९० टक्के. मध्यबिंदूपेक्षा दहा टक्के खाली. रेंज पेनिट्रेशन काढलं तर किमानाच्या वर ५०,०००, पट्ट्याची रुंदी २,००,०००, म्हणजे २५ टक्के.

इंजिनिअर लगेच म्हणाला, "मॅडम, नव्वद बरं वाटतं, पण पंचवीस म्हणजे फारच खाली ना?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. दोन्ही आकडे एकाच जागेबद्दल बोलतात, फक्त मोजायला सुरुवात वेगवेगळ्या ठिकाणाहून करतात. जेट्टीचा खांब डोळ्यांपुढे आणा. पाण्याची खोली तळापासून मोजली तर एक आकडा येतो. तेच पाणी ओहोटीच्या खुणेपासून भरतीच्या खुणेपर्यंत किती चढलंय असं पाहिलं तर दुसरा येतो. कंपा-रेशो शून्यापासून मोजतो आणि मध्यबिंदूशी ताडून पाहतो. पेनिट्रेशन पट्ट्याच्या तळापासून मोजतं. आमच्या पट्ट्यात किमान मध्यबिंदूच्या ८० टक्क्यांवर आणि कमाल १२० टक्क्यांवर आहे, त्यामुळे ८० टक्के कंपा-रेशो म्हणजे शून्य पेनिट्रेशन, १०० म्हणजे ५० आणि १२० म्हणजे १००. मधलं गणित सरळ: कंपा-रेशोतून ८० वजा करा, अडीचने गुणा. नव्वदचे पंचवीस असे होतात. पट्टा रुंद असला, समजा ७० ते १३०, तर त्याच नव्वदचे ३३ होतील. म्हणून दुसऱ्या ग्रेडमधल्या माणसाशी तुलना करताना नुसता कंपा-रेशो पुरत नाही.

मध्यबिंदू म्हणजे ग्रेडमधल्या लोकांच्या पगाराची सरासरी नव्हे, हेही सांगावं लागलं. ते काम पूर्णपणे स्वतःच्या जबाबदारीवर करणाऱ्या माणसाला बाजारात साधारण काय मिळतं, त्याच्या आसपास कंपनीने ठरवलेला तो आकडा असतो. ग्रेडमधले सगळे नवे असतील तर सगळेच मध्यबिंदूच्या खाली असू शकतात, आणि त्यात चूक काही नाही.

इथवर आल्यावर इंजिनिअरचा प्रश्न संपला. गेल्या जुलैत बढतीने तो या ग्रेडमध्ये आला. आधीच्या ग्रेडमध्ये तो मध्यबिंदूच्या वर होता. बढतीनंतर पगार वाढला, पण मध्यबिंदू त्याहून जास्त वर गेला, म्हणून रेशो उतरला. नव्या ग्रेडमध्ये नऊ महिने झालेल्या माणसाला ९० टक्के रास्तच आहे.

तिचं तसं नव्हतं. ती याच ग्रेडमध्ये सहा वर्षं आहे. शिफ्टमध्ये एचपीएलसीचं काम ती एकटी सांभाळते, आणि यंदा तिच्या शेऱ्यात "अपेक्षेपेक्षा जास्त" असं लिहिलेलं. सहा वर्षांनंतर पट्ट्याच्या पहिल्या चतुर्थांशाच्या काठावर, हे मला पटेना. मागच्या वर्षीचा तक्ता काढला. तेव्हा किमान ३,७२,०००, मध्यबिंदू ४,६५,०००, कमाल ५,५८,०००. तिचा पगार महिना ३६,०००, वर्षाला ४,३२,०००. कंपा-रेशो ९२.९, पेनिट्रेशन ३२. यंदा पगार १,५०० रुपयांनी वाढला आणि तरी पेनिट्रेशन ३२ वरून २५ वर आलं. पट्टा साडेसात टक्क्यांनी वर सरकला होता, तिचा पगार जेमतेम चार. स्वतःची पगारवाढ पट्ट्याच्या सरकण्याशी ताडून पाहिल्याशिवाय आपण पुढे गेलो की मागे, हे कळत नाही.

पण चारच का? आमच्याकडे वाढ एका चौकटीतून ठरते: एका बाजूला शेरा, दुसऱ्या बाजूला वाढीआधीचा पगार नव्या मध्यबिंदूने भागून येणारा कंपा-रेशो. तिच्या शेऱ्याला रेशो ९० च्या खाली असेल तर ८ टक्के, ९० ते १०० ला ६, १०० ते ११० ला ४. जो मागे आहे त्याला लवकर पुढे आणायचं, हा त्यामागचा हेतू. तिचे ४,३२,००० भागिले ५,००,००० म्हणजे ८६.४. तिला आठ टक्के बसायला हवे होते.

वाढीची मूळ शीट उघडली. तिच्या ओळीत कंपा-रेशो १००.९ आणि शेजारच्या रकान्यात पेनिट्रेशन १६. हे दोन आकडे एका ओळीत शेजारी बसूच शकत नाहीत. ८० ते १२० च्या पट्ट्यात १००.९ चं पेनिट्रेशन ५२ च्या पुढे यायला हवं. १६ हे ८६.४ चं पेनिट्रेशन आहे. म्हणजे एकाच ओळीत दोन वेगळे पगार वापरले गेले होते.

प्रत्येक विभागाची शीट वेगळी तयार झाली होती. लॅबच्या शीटमध्ये "वार्षिक" या नावाच्या रकान्यात सीटीसी चिकटवला गेला होता: ४,३२,००० अधिक पीएफ २५,९२०, ग्रॅच्युइटी १०,३८९, व्हेरिएबल ३६,०००, एकूण ५,०४,३०९. कंपा-रेशो त्या रकान्यावरून निघाला. पेनिट्रेशनचं सूत्र मात्र "मासिक ठरलेला" हा रकाना बाराने गुणून घेत होतं, म्हणून ते बरोबर राहिलं. सकाळी इंजिनिअरने मोबाइलवर केलेली चूकच आमच्या शीटमध्ये महिनाभर आधी होऊन बसली होती, आणि ती आमची होती. त्याच्या गफलतीने कुणाचं काही गेलं नव्हतं. आमच्या गफलतीने तिचे महिन्याला १,५०० जात होते.

दुपारभर लॅबच्या अकराही ओळी पुन्हा मांडल्या. शेवटी एक रकाना जोडला: कंपा-रेशो वजा ८०, गुणिले अडीच, वजा पेनिट्रेशन. उत्तर शून्य यायला हवं. अकराच्या अकरा ओळींत ते ३० ते ४० च्या दरम्यान येत होतं. बाकीच्या विभागांत सगळीकडे शून्य. अकरापैकी सात जणांची चौकटीतली ओळ बदलली. उरलेल्या चौघांचा रेशो चुकलेला होताच, पण त्यांच्या शेऱ्याला दोन्ही ओळींत वाढ सारखीच होती. ही ताळ्याची पद्धत पट्टा मध्यबिंदूच्या ८० ते १२० टक्के असला तरच याच आकड्यांनी चालते. पट्टा त्याहून वेगळा असेल तर ८० आणि अडीच या जागी त्या पट्ट्याचे आकडे घालावे लागतात.

तिला संध्याकाळी बस सुटायच्या आधी बोलावून सगळी ओळ दाखवली. ३६,००० वर आठ टक्के म्हणजे २,८८०, आमच्याकडे वाढ पुढच्या पाचशेच्या पटीत पूर्ण करतात, म्हणून ३,०००. नवा पगार ३९,०००, वर्षाला ४,६८,०००. तिने घड्या घातलेली ती स्लिप पुन्हा उलटली आणि सकाळच्या भागाकाराखाली नवा मांडला. कंपा-रेशो ९३.६. मग विचारलं, "वजा चार लाख, भागिले दोन लाख, बरोबर ना?" ३४ आलं. "गेल्या वर्षी ३२ होतं," ती म्हणाली आणि दोन्ही आकड्यांखाली रेघ ओढली.

सुधारित पत्र निघायला नऊ दिवस लागले, कारण सातही जणांच्या वाढीला पुन्हा मंजुरी घ्यावी लागली. एप्रिलचा पगार तोवर जुन्या आकड्याने तयार झाला होता. फरक मेच्या पगारात थकबाकी म्हणून वेगळ्या ओळीत दाखवला, आणि त्या थकबाकीतल्या मूळ पगाराच्या भागावरचा पीएफही त्याच महिन्यात भरला. तक्त्याच्या तळाची ती बारीक ओळ आता वर, मध्यबिंदूच्या शेजारी, आकड्यांएवढ्याच अक्षरात छापली आहे.