मिरीचं पहिलं वर्ष: हिशेब बरोबर आला, महिना चुकला

मी गोव्यात साखळीला एका पतसंस्थेत कारकून आहे. लोकांच्या आवर्त ठेवी आणि थकलेले हप्ते लिहिण्यात दिवस जातो. त्यामुळे मार्चमध्ये शेजारच्या वाड्यावरच्या कुत्रीचं दोन महिन्यांचं काळं पिल्लू आणायचं ठरलं, तेव्हा आधी वही आणली आणि मग पिल्लू. आई म्हणाली, "सुण्याक कसलं बजेट?" तिच्या मते कुत्रं म्हणजे उरलेला भात आणि बांगड्याचं डोकं. पिल्लाचं नाव मिरी ठेवलं.

वहीत वर्षाचा अंदाज ४८,००० रुपयांचा निघाला. खाण्याला १८,०००, लसी आणि जंताच्या औषधाला ४,०००, गोचीड न होण्याच्या गोळ्यांना ६,०००, नसबंदीला ६,०००, पट्टा-भांडी-बिछान्याला २,००० आणि अचानक दुखण्यासाठी दरमहा १,००० बाजूला, म्हणजे वर्षाचे १२,०००. वर्षाच्या शेवटी प्रत्यक्ष खर्च झाला ५०,९५०. एवढ्या जवळ आमच्या पतसंस्थेचा वार्षिक अंदाजही येत नाही. तरीही ऑगस्टच्या शेवटी मला धाकट्या भावाकडून उसने पैसे घ्यावे लागले. कसे, ते सांगते. आकडे माझे, माझ्या भागातले. तुमचे थोडे इकडेतिकडे होतील.

खाण्याचा हिशेब मी घाबरत घाबरत मांडला होता. पिल्लू चार किलोचं आहे, पंधरा किलोचं झालं की खाणंही चौपट होईल, असं मला वाटत होतं. डॉक्टरांनी कागदावर गणित करून दाखवलं. वजनाचा घन करायचा, त्याचं दोनदा वर्गमूळ काढायचं आणि ७० ने गुणायचं. नुसतं पडून राहिलं तरी कुत्र्याला दिवसाला एवढ्या कॅलरी लागतात. चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाला याच्या तिप्पट, त्यानंतर वाढीच्या काळात दुप्पट आणि नसबंदी झालेल्या मोठ्या कुत्र्याला साधारण १.६ पट. चार किलोच्या मिरीचं उत्तर आलं ५९४ कॅलरी, म्हणजे आमच्या पिशवीवरच्या आकड्याप्रमाणे दिवसाला १६० ग्रॅमच्या आसपास कोरडं खाणं. पंधरा किलोची झाल्यावर ८५३ कॅलरी, म्हणजे २३५ ग्रॅम. वजन जवळजवळ चौपट, खाणं दीडपट! म्हणजे खाण्याचा खर्च वर्षभर जवळपास सपाट राहतो. भरायला सोपा हप्ता.

तिथे चूक झाली ती पावसामुळे. दहा किलोची पिशवी किलोमागे स्वस्त पडते, म्हणून जूनमध्ये तीच घेतली. दिवसाला १८० ग्रॅमने ती पन्नासहून जास्त दिवस पुरते. आणि गोव्याच्या जून-जुलैत उघडलेली पिशवी पन्नास दिवस टिकत नाही. तळाशी हात घातला तर दाणे मऊ लागले, वास खवट झालेला आणि कोपऱ्यात हिरवट बुरशी. चार किलो फेकलं. तेव्हापासून जून ते सप्टेंबर तीन किलोच्या पिशव्या, त्याही झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात. किलोमागे चाळीस रुपये जास्त जातात, पण जातात ते मिरीच्या पोटात. या सगळ्यात खाण्याचे १८,००० चे २१,००० झाले.

लसींबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही, एक गोष्ट सोडून. मार्च, एप्रिल आणि मे असे एकत्रित लसीचे तीन डोस झाले आणि एप्रिलमध्ये रेबीजचं इंजेक्शन. मला वाटायचं एकच लस तीनदा टोचणं ही दवाखान्याची कमाई. तसं नाही. पिल्लाच्या अंगात आईच्या दुधातून आलेलं संरक्षण असतं आणि तेच लसीला काम करू देत नाही. ते कोणत्या आठवड्यात उतरेल हे कुणालाच बाहेरून दिसत नाही, म्हणून सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी डोस देत जातात, त्यातला एक तरी नेमका लागू पडतो. दुसरा डोस झाला म्हणून पिल्लाला रस्त्यावर सोडणं म्हणजे पार्व्होला, पिल्लांच्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या आजाराला, आमंत्रण. एकत्रित लस घेताना लेप्टोस्पायरोसिसचा भाग असलेलीच घ्या. आमच्याकडे पावसात उंदीर आणि साचलेलं पाणी दोन्ही दाराशी असतं. रेबीजची लस गोव्यात फुकटही मिळते. मिशन रेबीजचे लोक २०१४ पासून इथे गावोगाव फिरून कुत्र्यांना टोचतात. मी वाट न बघता तीनशे रुपये भरले, कारण तारीख माझ्या हातात हवी होती. हे सगळं धरून ३,२०० झाले, अंदाजापेक्षा कमीच, कारण पुढच्या वर्षाचा बूस्टर मी चुकून याच वर्षात धरला होता.

आता गोचीड.

महिन्यातून एकदा चघळायला द्यायची गोळी मिरीला एप्रिलपासून चालू होती. तिच्या वजनाची गोळी जुलैपर्यंत ६५० रुपयांची झाली होती. जुलैत मी ती दिली नाही. धो धो पाऊस, मिरी दिवसभर बलकांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर झोपलेली, बाहेर जाते कुठे? शिवाय त्या महिन्यात चार किलो खाणं फेकून मी आधीच चिडले होते. वहीत जुलैच्या रकान्यात '०' लिहिलं आणि वर मला बरंही वाटलं.

कुत्र्यांवरची तपकिरी गोचीड गवतात राहते, असा माझा समज होता. ती घरात राहते. आमच्या चिऱ्याच्या भिंतीच्या भेगा, दाराच्या चौकटीमागची फट, बलकांवाच्या पायरीखालची जागा हीच तिची घरं. कुत्र्याचं रक्त पिऊन ती खाली पडते आणि भेगेत शिरून हजारोंनी अंडी घालते. म्हणजे बाहेर न जाणारी मिरी तिच्या दारातच बसली होती.

हरितालिकेच्या दिवशी घरात नेवऱ्या तळत होत्या, भाऊ गणपतीच्या वर फळा-फुलांची माटोळी बांधत होता. एरवी तळणाच्या वासाला सगळ्यांच्या पायात येणारी मिरी कोपऱ्यातून उठली नाही. पाणीही नको. मी ओठ वर केला तर हिरडी गुलाबी असायची ती तांदळाच्या पिठासारखी पांढरी. पोटाला हात लावला, केस बाजूला केले, तर कातडीवर टाचणीने टोचल्यासारखे लाल ठिपके. पुढच्या पंजाच्या बोटांमध्ये तीन गोचीड, एक फुगून राखाडी मण्याएवढी झालेली. ताप मोजला, १०४. कुत्र्याचा नेहमीचा १०१ ते १०२.५ असतो. मी थर्मामीटर धुवत होते तेवढ्यात तिच्या नाकातून एक थेंब रक्त फरशीवर पडलं.

चवथीच्या आदल्या संध्याकाळी आमच्या भागात डॉक्टर मिळाला नाही. ताप असलेलं जनावर स्कूटरवर पावसात नेणार कसं? टॅक्सी केली, म्हापशाला जाऊन-येऊन आणि थांबून १,६०० रुपये. तिथल्या डॉक्टरांनी ठिपके बघितले आणि आधी प्लेटलेट मोजायला सांगितल्या. निरोगी कुत्र्याच्या दोन लाखांच्या वर असतात, मिरीच्या ३८,०००. तपासणीच्या किटवर एरलिकिया निघाला, म्हणजे गोचीडताप. रक्ताच्या तपासण्या, यकृत-मूत्रपिंडाची तपासणी, किट आणि डॉक्टरांची फी मिळून ४,२०० झाले. तीन दिवस सलाइन आणि इंजेक्शनं ३,३००. डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या अठ्ठावीस दिवस, पोटाच्या आणि यकृताच्या औषधासह १,१५०. पुढे दोनदा प्लेटलेट मोजून घेणं आणि दाखवणं १,८००. टॅक्सी धरून बेरीज १२,०५०.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने शेपटी हलवली. दोन दिवसांत बरं दिसतं, तिथेच लोक गोळ्या बंद करतात आणि आजार परत उलटतो. अठ्ठावीस म्हणजे अठ्ठावीस. गोळी नेहमी खाण्यात घालून, रिकाम्या पोटी दिली की ओकून टाकते.

आता वही बघा. अचानक दुखण्यासाठी मी वर्षाचे १२,००० धरले होते आणि खर्च आला १२,०५०. पण दरमहा १,००० प्रमाणे मार्च ते ऑगस्ट जमले होते फक्त ६,०००. उरलेले ६,०५० भावाने दिले, चवथीच्या सामानातून काढून. आवर्त ठेव ही ठरलेल्या तारखेच्या खर्चासाठी असते हे मी रोज काउंटरवर लोकांना सांगते, आणि स्वतःच्या घरी विसरले. पिल्लाच्या बाबतीत तर उलट असतं. मोठी दुखणी पहिल्या सहा-आठ महिन्यांतही येऊ शकतात, म्हणजे साठवलेले पैसे सगळ्यात कमी असतात तेव्हा. माझ्या मावसभावाच्या पिल्लाला दुसऱ्या डोसनंतर आठ दिवसांत पार्व्हो झाला. सहा दिवस सलाइनवर ठेवावं लागलं, बिल १४,००० वर गेलं. माझ्या पद्धतीने साठवलं असतं तर त्याच्याकडे तेव्हा दोन हजार असते.

एकाला दुसरं लागूनच येतं. नसबंदी सप्टेंबरमध्ये ठरली होती. प्लेटलेट कमी असताना शस्त्रक्रिया केली तर रक्त थांबत नाही, म्हणून डॉक्टरांनी ती पुढे ढकलली. ऑक्टोबरमध्ये मिरी माजावर आली. तीन आठवडे आमच्या फाटकाबाहेर अख्ख्या वाड्याचे कुत्रे बसलेले, रात्रभर भांडणं. आईने केरसुणी दारापाशीच ठेवली होती. माज ओसरल्यावरही लगेच कापत नाहीत, गर्भाशयाचा रक्तपुरवठा वाढलेला असतो. शेवटी जानेवारीत झाली. खर्च तोच ६,०००, फक्त चार महिने उशिरा, आणि त्या चार महिन्यांत मी एकही रात्र नीट झोपले नाही.

गेल्या आठवड्यात माझ्या काउंटरवरची मुलगी विचारत होती, पिल्लू आणायचंय, महिन्याला किती लागतील? मी म्हटलं, महिन्याचं नंतर बघू, आत्ता खात्यात पंधरा हजार सुटे आहेत का? ती म्हणाली दिवाळीपर्यंत होतील. मग दिवाळीनंतर आण, तोवर पाऊसही संपतो, आणि पुढचा पाऊस येईपर्यंत तिन्ही डोस पुरे होतात.

माझे पंधरा हजार आता वेगळ्या खात्यात आहेत, मिरीच्याच नावाने म्हटलं तरी चालेल. दुसऱ्या वर्षाची वही उघडली आहे. जुलैच्या रकान्यात ६५० आधीच लाल पेनाने लिहून ठेवलेत, आणि बलकांवाच्या पायरीखालच्या भेगा सिमेंटने बुजवायला गवंड्याला दिलेले १,८०० पण.