अर्ध्या किलोचा रस्सा एक किलोचा करताना

«काकू, अर्धा किलो मटणाचा रस्सा मला छान जमतो. पण पाहुणे आले आणि एक किलोचा करायचा झाला की गडबडते. सगळं दुप्पट घ्यायचं का? वेळसुद्धा दुप्पट लागेल का? आणि पातेलं केवढं घेऊ?»

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. आखाड आला किंवा गावची जत्रा तोंडावर आली की सांगलीत माझ्याकडे हा प्रश्न हमखास येतो.

आधी वेळेचं बघू. मटण शिजतं ते उकळत्या रश्शाच्या उष्णतेवर, आणि रस्सा दोन लिटर असो वा चार, उकळताना तो तेवढाच गरम असतो. त्यामुळे एकदा उकळी धरली की एक किलो मटणाला अर्ध्या किलोएवढाच वेळ लागतो. कोवळं बोकड पातेल्यात साधारण तासाभरात शिजत असेल, तर दुप्पट मटणही त्याच तासाभरात शिजतं. जत्रेत दहा-वीस किलोचं पातेलं चढतं, तेव्हा मटण काही दिवसभर शिजवावं लागत नाही. वेळ बदलतो तो जनावर जून असेल तर किंवा फोडी मोठ्या असतील तर. म्हणून एक किलो घेताना खाटकाला फोडी नेहमीएवढ्याच करायला सांगा. जागेनंही फरक पडतो. महाबळेश्वर साधारण १३५० मीटर उंचीवर आहे, तिथं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. तिथं पातेल्यातलं मटण सांगलीपेक्षा जास्त वेळ घेतं, मग ते पाव किलो का असेना.

दुप्पट होतो तो उकळी येईपर्यंतचा वेळ. गॅसची शेगडी तीच, आच तीच आणि तापवायचा ऐवज दुप्पट. दोन लिटरला दहा मिनिटांत उकळी येत असेल तर चार लिटरला वीस मिनिटं धरा. गडबड होते ती इथंच. घड्याळ पातेलं चढवल्यापासून लावलं जातं, मग ठरलेल्या वेळेला मटण चिवट राहतं आणि दोष मटणावर जातो. घड्याळ उकळीपासून लावा. कडेला बुडबुडे आले म्हणजे उकळी नव्हे. पळी फिरवून सारखं केल्यावर मधोमधही उकळायला लागलं की ती खरी उकळी. दुसऱ्या शेगडीवर पाणी तापवून तेच ओतलंत तर ही जादा दहा मिनिटं बरीचशी वाचतात, आणि गार पाण्यानं मटणाचं शिजणं मधेच थांबत नाही.

कुकरलाही हेच लागू. दुप्पट ऐवज असला की पहिली शिट्टी उशिरा होते. त्यानंतर आच बारीक करून ठेवायचा वेळ मात्र नेहमीचाच. रश्शाला कुकर दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. पाच लिटरच्या कुकरात सगळं मिळून सव्वातीन लिटरच्या आसपास. चार लिटर त्यात बसवायचा हट्ट करू नका, शिट्टीतून रस्सा उडतो. अशा वेळी कुकरात फक्त मटण थोड्या पाण्यात उकडून घ्यावं आणि रस्सा पातेल्यात करावा.

आता पातेलं. तुमचं नेहमीचं पातेलं २० सेंटिमीटर तोंडाचं धरू. त्यात दोन लिटर रस्सा साधारण साडेसहा सेंटिमीटर उंच येतो. दुप्पट करायचं म्हणून दुप्पट रुंदीचं, म्हणजे ४० सेंटिमीटरचं पातेलं घेतलंत तर तळ चौपट होतो. मग चार लिटर रस्सा जेमतेम सव्वातीन सेंटिमीटर चढतो आणि फोडी उघड्या पडतात. त्यापेक्षा २५ सेंटिमीटरचं घ्या. त्यात रस्सा आठ सेंटिमीटरच्या आसपास येतो. पातेलं १४-१५ सेंटिमीटर उंच असलं की उकळायला आणि ढवळायला जागा उरते. २८ चंही चालतं, पण घरच्या लहान बर्नरची आच त्याच्या कडेपर्यंत नीट पोचत नाही. तळ मात्र जाड हवा, कारण वाटण घातल्यावर दुप्पट ऐवजाचा भार खाली बसतो आणि खोबरं तळाला धरतं. पळी तळापर्यंत घालून ढवळायचं.

पाणी दुप्पट घालू नका, रस्सा पातळ होण्याचं मूळ तिथं आहे. समजा अर्ध्या किलोला तुम्ही सहा पेले पाणी घालता, झाकण अर्धवट ठेवता आणि शिजेपर्यंत दोन पेले आटतात. म्हणजे रश्शात चार पेले उरतात. एक किलोला उरायला हवेत आठ. आटणारं पाणी ठरतं पातेल्याच्या तोंडावर आणि आचेवर. खाली रस्सा किती आहे यावर नाही. २५ च्या पातेल्याचं तोंड २० च्या दीडपटीहून थोडंच मोठं आहे, म्हणून मंद आचेवर अडीच-तीन पेले आटतील. आठ अधिक तीन, अकरा झाले. बारा घातलेत तर एक पेला फुकटचा पडला. मी दहा घालून सुरुवात करते आणि एक पेला कढत पाणी हाताशी ठेवते. तुमच्याकडे किती आटतं हे बघायला उलथन्याची दांडी पातेल्यात सरळ उभी धरा, सुरुवातीला खूण करा आणि शेवटी पुन्हा बघा. एकदा केलंत की पुढं अंदाज येतो.

मीठ मात्र उरलेल्या रश्शाच्या हिशोबानं लागतं, आणि तो दुप्पट आहे, म्हणून मीठही दुप्पटच. कांदा-लसूण मसाल्याचंही तसंच. फक्त पाऊण मीठ आधी घाला आणि उरलेलं रस्सा बेताचा आटल्यावर चव घेऊन घाला.

सगळ्यात जास्त जीव खातं ते कांदा परतणं. दुप्पट कांदा त्याच तळावर पडला की थर जाड होतो, त्याला सुटलेल्या पाण्याची वाफ बाहेर निघत नाही आणि कांदा भाजायच्या ऐवजी उकडतो. रंग फिकट राहतो, पाट्यावर वाटलं तरी वाटणाला कच्चा वास येतो. त्यामुळे वाटणाचा कांदा आणि सुकं खोबरं दोन घाण्यांत भाजा, मोठ्या तव्यावर पसरून. फोडणीचा कांदा रुंद पातेल्यातच परता आणि पंधरा मिनिटांऐवजी पंचवीस मिनिटं द्या. मसाल्याला कडेनं तेल सुटेपर्यंत पाणी घालायची घाई करू नका, घड्याळ काहीही सांगो. परतायला तेल दीडपट पुरतं. पण प्रत्येक वाटीवर लाल कट हवा असेल तर दुप्पटच घ्या, कारण वाट्याही दुप्पट आहेत.

म्हणजे पंधरा मिनिटं परतणं, दहा मिनिटं उकळी, तासभर शिजणं आणि वाटण घातल्यावर पंधरा मिनिटं, असा अर्ध्या किलोचा एक तास चाळीस मिनिटांचा हिशोब एक किलोला दोन तासांवर जातो. पाहुणे एकला बसणार असतील तर साडेदहाला पातेलं चढवा, हाताशी थोडा वेळ राहील.

उरलेल्या रश्शाचंही सांगायला हवं. मोठं पातेलं तापायला जसा वेळ घेतं तसा निवायलाही घेतं, आणि झाकून ओट्यावर ठेवलेला रस्सा उन्हाळ्यात सकाळपर्यंत आंबतो. जेवणं झाली की तो दोन पसरट भांड्यांत ओता, ती थंड पाण्याच्या परातीत ठेवून निववा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी हवा तेवढाच काढून खळखळून उकळा.