मासळीवाल्याचा बर्फ आणि औषधांचा फ्रीज

२८ एप्रिल २०२५. लिस्बनमधल्या ज्या फार्मसीत मी काम करते, तिथले दिवे सकाळी साडेअकराच्या सुमारास गेले. फ्यूज असेल म्हणून मी मागे गेले, तर रस्त्यावरचे सिग्नलही बंद. थोड्या वेळाने कळलं की पोर्तुगाल आणि स्पेन, दोन्ही देशांची वीज एकदमच गेली आहे. कार्डाचं मशीन बंद, मेट्रो बंद, फोनही जेमतेम लागत होते.

मला काळजी होती ती काचेच्या दाराच्या फ्रीजची. आत इन्सुलिन, लसी, डोळ्यांचे काही थेंब. या सगळ्याला २ ते ८ अंशांत राहायचं असतं. आमच्या मुख्य फार्मासिस्टबाईंना इथल्या रिवाजाप्रमाणे सगळे 'दोतोरा' म्हणतात. त्यांनी फ्रीजच्या दारावर चिकटपट्टी लावली, बंद झाल्याची वेळ लिहिली आणि म्हणाल्या, "देझेन्राश्कार करावं लागणार."

हा पोर्तुगीज शब्द मी इथे आल्यापासून ऐकत होते. त्याचं नाम देझेन्राश्कान्सु. 'एन्राश्कार' म्हणजे गुंतवणं, अडकवणं. जहाजावर दोर एकमेकांत अडकतात तसं. त्याला 'देझ' लागलं की तो गुंता सोडवणं. आपल्याकडच्या 'वेळ मारून नेणे'ची मला आठवण व्हायची, पण त्यात अडचण तिथेच राहते आणि आपण फक्त पुढे सरकतो. इथे अडचण सुटलीच पाहिजे, तीही हाताशी असेल त्यानेच.

बॅटरीवर चालणारा तापमापक दुपारी दोनला ७ दाखवत होता. काचेचं दार थंडावा फार वेळ धरत नाही. घाऊक पुरवठादाराकडून माल येतो ते थर्मोकोलचे खोके आमच्याकडे होते. मागच्या छोट्या फ्रीझरमध्ये जेलच्या थैल्याही गोठलेल्या होत्या, आणि माझा हात आधी त्यांच्याकडेच गेला. दोतोरांनी मला थांबवलं, आणि त्यांचं बरोबर होतं. उणे अठराच्या फ्रीझरमधून काढलेली थैली इन्सुलिनला टेकली तर ते गोठू शकतं. काही तास २५ अंशांत राहिलेलं इन्सुलिन बहुतेक वेळा वाचतं. एकदा गोठलेलं मात्र वितळल्यावर स्वच्छ दिसलं तरी भरवशाचं राहत नाही, फेकावंच लागतं. महाराष्ट्रात लसीकरणाला जाणाऱ्या परिचारिका बर्फाच्या थैल्या बाहेर ठेवून, हलवल्यावर आत पाणी खळखळायला लागेपर्यंत का थांबतात, ते मला तेव्हा नीट समजलं.

पण जेल वितळायची वाट बघायला आमच्याकडे वेळ नव्हता. समोरचा मासळीवाला दुकान आवरत होता. दोतोरा रस्ता ओलांडून गेल्या आणि दोन घमेली चुरा बर्फ घेऊन आल्या. पैशांचं नंतर बघू, असं तो म्हणाला. मासळीवर टाकलेला नको, अजून न वापरलेला दे, असं त्यांनी मुद्दाम सांगितलं होतं, कारण मीठ लागलेला बर्फ शून्याच्याही खाली उतरतो. दीड लिटरच्या रिकाम्या बाटल्यांत आम्ही निम्मा बर्फ आणि निम्मं नळाचं पाणी भरलं. बर्फ आणि साधं पाणी एकत्र आहेत तोवर ते मिश्रण शून्याच्या आसपासच राहतं, खाली जात नाही. ज्या औषधाला गोठण्याचं भय आहे, त्याच्यासाठी हे फार मोलाचं.

मग लगेच औषधं भरली नाहीत. खोक्यात कडेने चार बाटल्या, मध्ये पुठ्ठा आणि औषधांच्या जागी रिकामे डबे ठेवून तापमापक सोडला. अर्ध्या तासात १.५. म्हणजे औषधं असती तर फारच थंड. एक बाटली काढली, पुठ्ठ्याचा आणखी एक थर दिला. पुन्हा वाट बघितली, तेव्हा आकडा ४.५ वर टिकला. त्यानंतरच फ्रीज उघडला आणि आधी लसी, मग इन्सुलिन असं भराभर हलवलं. तोपर्यंत फ्रीज ८.४ वर गेला होता.

रात्री उशिरापर्यंत दर तासाला आकडा लिहिला, दोनदा बर्फ बदलला. वीज आल्यावरही फ्रीज थंड होऊन स्थिर होईपर्यंत औषधं खोक्यातच ठेवली.

या शब्दाचं जे मला आवडतं ते त्या दुपारी दिसलं. काय बिघडू द्यायचं नाही ते दोतोरांनी आधी ठरवलं, मग हाताशी काय आहे ते शोधलं. ऐन वेळेला उलट व्हायला वेळ लागत नाही. हाताशी जेलच्या थैल्या दिसल्या आणि मी त्याच उचलायला निघाले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही ८ अंशांच्या वर गेलेल्या मालावर लाल पट्टी लावून तो वेगळा ठेवला, आणि प्रत्येक उत्पादकाला फोन करून किती वेळ, किती तापमान ते कळवलं. त्यांचं उत्तर येईपर्यंत त्यातली एकही पेटी विकली नाही. घमेली मात्र मी सकाळीच धुऊन मासळीवाल्याला परत नेऊन दिली, बर्फाच्या पैशांसकट.