‘विचार व्हावा’ या दोन शब्दांवर अडलेले पत्र

तासगावच्या आमच्या बेदाण्याची माहिती रॉटरडॅमच्या एका आयातदाराला इंग्रजीतून कळवायची होती. मराठी मसुदा भावाने तासाभरात लिहून दिला. तो आम्ही भाषांतर करून देणाऱ्या एका संस्थेकडे दिला, तिने शब्दाला शब्द ठेवून परत केलेला मजकूर तसाच पाठवला आणि तीन आठवड्यांनी एका ओळीचे उत्तर आले, की आम्ही नेमके काय करावे अशी आपली अपेक्षा आहे?

त्या संस्थेचा राग मला अजूनही येतो, कारण पैसे घेऊनही तिने शेवटचे वाक्य एकदाही वाचणाऱ्याच्या बाजूने पाहिले नव्हते. मूळ वाक्य होते, ‘तरी आमच्या मालाचा विचार व्हावा, ही नम्र विनंती.’ त्याचे ‘देअरफोर काइंडली कन्सिडर अवर मटेरियल, धिस इज अवर हंबल रिक्वेस्ट’ झाले होते. मराठीत ‘विचार व्हावा’ म्हणताना आपण कर्ता मुद्दाम झाकतो, कारण समोरच्याला थेट ‘तुम्ही हे करा’ म्हणणे उद्धटपणाचे वाटते. इंग्रजी व्यापारी पत्रात मात्र कोणी, काय आणि कधी करायचे हे सोपे करून सांगणे हीच नम्रता असते. शिवाय ‘मटेरियल’ म्हटल्यावर खाण्याची वस्तू नव्हे, तर कापड किंवा कच्चा माल डोळ्यांसमोर येतो.

हे वाक्य सुधारण्यात माझे दोन दिवस गेले. ‘हंबल’ काढून ‘काइंड’ घातले, ‘काइंड’ काढून ‘सिन्सिअर’ घातले, पण विशेषणे बदलून काही साधत नव्हते. अखेर मराठी वाक्य बाजूला ठेवून स्वतःला विचारले, की त्या माणसाने उद्या सकाळी काय करावे असे मला वाटते? त्याने नमुन्यासाठी पत्ता कळवावा, एवढेच. मग लिहिले, ‘वुड यू लाइक अस टू सेंड अ वन-किलो सॅम्पल? इफ यू शेअर अ डिलिव्हरी अ‍ॅड्रेस बाय फ्रायडे, वी कॅन कुरिअर इट ऑन मंडे.’

बाकीचे पत्र त्यानंतर भराभर सुटले. ‘एक नंबर माल’ याच्या जागी हिरवा बेदाणा, ओलाव्याचे प्रमाण १५ टक्क्यांपर्यंत आणि १० किलोची खोकी असे लिहिले. ‘वी आर इन धिस लाइन सिन्स ट्वेंटी इयर्स’ याचे ‘वी हॅव प्रोसेस्ड रेझिन्स फॉर ट्वेंटी इयर्स’ केले.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. मसुद्यात ‘दीड लाख किलो’ असेल, तर इंग्रजीत १५० टन लिहावे, कारण ‘लाख’ हे परिमाण तिकडे चालत नाही. तारखेतही महिना अक्षरांत लिहावा, नाहीतर ०४/०३ ही तारीख अमेरिकेतला माणूस ३ एप्रिल अशी वाचतो.

दुसरे पत्र मंगळवारी गेले आणि गुरुवारी दुपारी गोदामाचा पत्ता आला.